ते वाक्य कुणाचं

यंत्राला श्वास कळत नाही. माणूस कुठे थांबला, कुठे आवंढा गिळला, कुणाचं बोलणं संपून कुणाचं सुरू झालं, यातलं त्याला काही कळत नाही. कानावर पडेल ते सगळं ते एका दमात कागदावर ओतून मोकळं होतं. तोलकिनसमोरच्या कच्च्या मजकुरात तीन माणसं बोलत होती आणि तिघांना मिळून एकच तोंड होतं.

‘मग गाडीनं मासे यायचे लांबून गोठलेले म्हणजे समुद्र गेला होता ना मग काय तर चहा घ्या की हो थंड झाला आमचा मासा नव्हता तो हं दगडासारखा वहिनी तू सांग ना फोडायचे कसे ते कुऱ्हाडीनं गं एरके कुऱ्हाडीनं’

आल्माटीच्या त्या छोट्या संस्थेत तोलकिन बरीच वर्षं हेच काम करत होती. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती यायच्या आणि ती त्यांची स्वच्छ प्रत करायची. कोण बोललं ते वेगळं करायचं. ‘म्हणजे’, ‘हं’, ‘ते हे’ असला पाचोळा काढायचा. विषय बदलला की वर मथळा घालायचा, म्हणजे वाचणाऱ्याला वाट सापडते. तिचा हात त्यात बसलेला होता. पण या मजकुरातली एक बाई तिची आई होती, आणि आईला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

मुलाखत येरमेकनं घेतली होती. संस्थेचा प्रमुख म्हणजे तोच, आणि गाडी चालवणाराही तोच. पानगळीच्या दिवसांत तो समुद्राकाठच्या त्या गावी गेला होता. समुद्र तिथून कधीच निघून गेला, पण गावाला अजून समुद्राकाठचंच म्हणतात. मासे डबाबंद करायच्या जुन्या कारखान्यातल्या बायकांच्या आठवणी त्याला हव्या होत्या. तोलकिनची आई बल्झान बोलायला बसली, तशी सोबतीला तिची नणंद उल्मेकेनही बसली. हिवाळ्यात आई गेली. मुलाखत तेवढी राहिली.

“हे मी दुसऱ्या कुणाला देतो,” येरमेक म्हणाला होता.

“कुणाला? तुला?” तोलकिन म्हणाली. “मागच्या वेळी तू एका आजोबांच्या शेळीला वक्ता केलं होतंस.”

“शेळी मुद्द्याचं बोलत होती.” तो हसला, मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “तोलकिन, जमेल ना?”

“जमेल.”

जमत होतंही. फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. कानांवर चढवायचे ते फोन तिनं गळ्यातच ठेवले होते. ध्वनिमुद्रण एकदाही लावलं नव्हतं. आईचा आवाज ऐकायची तिची छाती होत नव्हती. पहिल्या दिवशी बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. मग तिनं मनाशी ठरवलं की या दोन बायकांना ओळखायला मला कान कशाला हवेत.

आणि खरंच, नुसत्या अक्षरांवरूनही त्या ओळखू येत होत्या. ‘वहिनी’ म्हणणारी ती उल्मेकेन आपा, तोलकिनची आत्या. ‘एरके’ म्हणणारी ती आई. सून होऊन आली तेव्हापासून आईनं सासरच्या कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. तिकडची रीतच ती. सुनेनं सासरच्या माणसांची नावं उच्चारायची नाहीत, आपल्या मनानं दुसरी ठेवायची. धाकट्या नणंदेचं तिनं एरके केलं, म्हणजे लाडोबा. थोरल्या दिरांचं, ओरिनबासारांचं, मिर्झा-आगा. मिर्झा-आगांना चहा द्या, मिर्झा-आगा आले. एकदा डाकवाल्यानं ओरिनबासारांचं पत्र आईच्या हाती देऊन नाव वाचायला सांगितलं, तर तिनं शेजारच्या पोराला हाक मारून वाचून घेतलं. घरात त्याच्यावरून पुष्कळ हसून झालं होतं.

तेव्हा मजकुरात जिथे ओरिनबासारांचं नाव येईल, ते वाक्य उल्मेकेन आपाचं. ती त्या घरची लेक, तिला भावाच्या नावाला आडकाठी नाही. हा नियम तोलकिनला मिळाला तेव्हा तिला जरा बरंच वाटलं. आईला इतकं ओळखणारं दुसरं कोण होतं?

अशाच एका ठिकाणी मजकूर फार गुंतला होता.

‘पोरा समोवारात पाणी बघून ये की रे दिवा लागलाय ना लागलाय तो दिवस म्हणजे काय सांगू ते हे नको वहिनी हं ते म्हणजे तो त्यानं म्हणजे ते हे ओरिनबासारनं उघड म्हटलं ती पोरगी म्हणाली काटा खाली आला नाही अजून ओरिनबासार म्हणाला उघड मी तिथंच उभी होते’

तिनं समोवार आणि दिवा काढून टाकले. तो घरातला किरकोळ संवाद, मुलाखतीत त्याचं काम नाही. पाचोळा झाडला. उरलं ते असं मांडलं:

बल्झान: तो दिवस काय सांगू!

उल्मेकेन: नको, वहिनी. ओरिनबासारनं ‘उघड’ म्हटलं. ती पोरगी म्हणाली, काटा अजून खाली आला नाही. ओरिनबासार म्हणाला, उघड. मी तिथंच उभी होते.

वर मथळा होताच, ‘कारखान्यातलं काम’. तिनं तोच पुढे चालू ठेवला.

मजकूर मांडून झाला आणि मग त्यातला अर्थ तिच्यापर्यंत पोचला. ती पोरगी म्हणजे गुलझिपा असणार. डबे शिजवायच्या मोठ्या भांड्याचं झाकण तिनं वाफेच्या दाबाचा काटा उतरायच्या आधी उघडलं आणि भाजून मेली. तोलकिनच्या जन्माआधीची गोष्ट. पण गावात प्रत्येक पोरीनं ती ऐकलेली होती, कारण तिची म्हण झाली होती. दूध उतू गेलं, धागा तुटला, की कुणीतरी म्हणणारच, ‘गुलझिपासारखी घाई करू नकोस गं.’ आजी म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणायच्या. ओरिनबासार काका तर हसत हसत म्हणायचे. त्या पाळीचे मुकादम तेच होते.

आणि इथे आपा म्हणत होती की झाकण उघडायला त्यांनीच लावलं.

आपा असं बोलली? स्वतःच्या भावाबद्दल? ती तर विधवा झाल्यापासून त्याच भावाच्या घरात राहत होती. तोलकिनला अस्वस्थ वाटलं. पण संस्थेची रीत ठरलेली होती. स्वच्छ प्रत झाली की बोलणाऱ्याला वाचून दाखवायची, त्यानं मान डोलावली तरच पुढे न्यायची. या मुलाखतीची पुस्तिका निघायची होती. आईचं वर्षाचं जेवण तिकडच्या रीतीप्रमाणे वर्ष भरायच्या आधीच, शरदात होतं, तेव्हा गावात ती वाटायचं ठरलं होतं. पंगतीच्या वरच्या जागी अर्थातच ओरिनबासार काका बसणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपाला फोन लावला.

“वाच, शिंगरू,” आपा म्हणाली. लहानपणापासून ती तोलकिनला शिंगरूच म्हणे. “जरा जोरात वाच. माझे कान आता पाहुण्यांसारखे झालेत, मनात आलं तर येतात.”

तोलकिन वाचत गेली. गोठलेले मासे, कुऱ्हाड, मेणकापडाचे एप्रन. आपा मध्येच खुदखुदत होती. “तुझी आई एकदा कुऱ्हाड घेऊनच घरी आली होती, सांगितलं का मी? माझ्या भावानं दारच उघडलं नाही, म्हणाला आधी हातातलं खाली ठेव!” भाऊ म्हणजे तोलकिनचे वडील. दोघी हसल्या. मग तोलकिन त्या जागेशी आली आणि आवाज न बदलता वाचून गेली.

पलीकडचं खुदखुदणं थांबलं.

“आपा?”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं.

“हे कुणाच्या नावावर आहे?”

“तुमच्या.”

“का गं?”

“आई त्यांचं नाव घेत नव्हती म्हणून.”

“नव्हती घेत,” आपा हळूच म्हणाली. “खरं आहे. कधीच नव्हती घेत.” मग म्हणाली, “राहू दे मग तसंच.”

‘राहू दे’ हे माणूस आपल्या वाक्याबद्दल म्हणत नाही.

“आपा, तुम्हीच म्हणालात ना हे?”

“राहू दे म्हटलं ना. माझ्या तोंडी शोभतं ते.”

“तुम्ही तेव्हा कारखान्यात होतात?”

“मी नंतर लागले, लेबलं चिकटवायला.” आपाचा आवाज चिडका झाला. “तेव्हा मी नववीत होते. भूगोलाचा तास चालू होता आणि भोंगा वाजला. भलत्या वेळी वाजला म्हणून आम्ही पोरी खिडकीकडे पळालो. झालं? मिळालं उत्तर?”

“मग ‘मी तिथंच उभी होते’ हे...”

“पुसून टाक ते. तुमचं कामच ते आहे ना, पुसायचं?”

मग आपा शांत झाली.

“ऐक, शिंगरू. मी म्हटलं असं झालं, तर काय होईल? भाऊ माझ्यावर ओरडेल. ताट सरकवेल. चार दिवस बोलणार नाही. म्हातारीची जीभ सैल सुटली म्हणतील लोक. मला त्याची सवय आहे. पण तुझ्या आईनं म्हटलं असं झालं, तर तिच्याच जेवणाला बसून तिच्याच नावाचं मांस खात म्हातारे म्हणतील, बघा, आयुष्यभर पदर सावरला आणि मेल्यावर थोरल्याचं नाव काढलं. ते मला ऐकवणार नाही. तुला ऐकवेल?”

“मी विचार करून सांगते, आपा.”

“त्यात विचार कसला? ती माझी वहिनी होती. मला तेवढं करू दे.”

फोन ठेवल्यावर तोलकिननं प्रत पुन्हा उघडली. आपा म्हणत होती ते सोपं होतं. प्रत तयारच होती, जिवंत माणसानं होकार दिला होता, मेलेल्या माणसाला कुणी विचारणार नव्हतं. ‘मी तिथंच उभी होते’ एवढं काढलं की झालं. पण तेवढं काढलं की मागे उरत होती ऐकीव गोष्ट. त्या वेळी शाळेत असलेल्या बाईची. ओरिनबासार काका एका वाक्यात ती उडवून लावतील. उल्मेकेन? तिला काय ठाऊक? आणि गाव त्यांच्याबरोबर हसेल.

येरमेक दुधाचा चहा घेऊन आला. एक पेला तिच्यापुढे ठेवून तिथेच टेकला.

“चेहरा का असा? आपाबाई रागावल्या?”

“येरमेक, तू समोवारात पाणी बघायला गेला होतास?”

“कधी? तुमच्या गावी? त्या बाईनं मला चारदा बाहेर पाठवलं. पाणी बघ, कोळसा बघ, कुत्र्याला बघ. मला वाटलं जावई करून घेतायत.” तिच्याकडे पाहून तो थांबला. “का?”

“तू बाहेर असताना मुद्रण चालूच होतं.”

“मी बंद करत नाही. लोक मी उठल्यावरच खरं बोलतात. पण मग आपण त्यांना विचारतो, ते ठेवायचं की नाही.” त्यानं तिच्या गळ्यातल्या फोनांकडे पाहिलं. त्यांची तार टेबलाच्या कडेवरून मोकळीच लोंबत होती, कुठेही जोडलेली नव्हती. “तोलकिन. तू ऐकलंस ना हे?”

तिनं तार मुठीत गोळा केली.

“न ऐकता आवाज वेगळे केलेस?”

“मला माहीत होतं कोण काय बोलेल.”

येरमेक तिच्यावर चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “माझे वडील काय बोलतील तेही मला नेहमी माहीत असायचं.” मग उठला. “मी दार लावून घेतो. कुणी आत येणार नाही.”

तिनं तार जोडली. वेळेच्या खुणेवरून ती जागा शोधली आणि थोडं अलीकडे नेऊन लावलं.

आधी घर आलं. चमच्याचा पेल्याला लागलेला आवाज, लांब कुठेतरी कुत्रा. मग आपा, जवळून, मोठ्यानं: “पोरा, समोवारात पाणी बघून ये की रे.” खुर्ची सरकली. दार लागलं.

मग आई बोलली.

“दिवा लागलाय ना?”

तोलकिननं डोळे मिटले. आईचा आवाज थोडा घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा. तो तिच्या आठवणीतल्याइतका गोड नव्हता, आणि त्यामुळेच तो फार खरा होता.

“लागलाय,” आपा म्हणाली. टेबलावर नखानं टकटक झाली, अगदी जवळ, मुद्रणयंत्राच्या शेजारी. आणि तोलकिनला कळलं की तिनं घरातला म्हणून झाडून टाकलेला दिवा या यंत्राचा होता. मुद्रण चालू असल्याचा तांबडा ठिपका. आईनं पोराला बाहेर जाऊ दिलं होतं आणि दिवा लागलाय का ते विचारून घेतलं होतं. ती नणंदेशी बोलत नव्हती.

“तो दिवस... म्हणजे... काय सांगू. ते, हे...”

“नको, वहिनी.”

“हं.” लांब श्वास. “ते. म्हणजे, तो. त्यानं. म्हणजे...” इथे यंत्रानं काहीच लिहिलं नव्हतं, पण ओठांवर काहीतरी सुरू झालं होतं, “मिर्झ...” आणि तुटलं. पुन्हा श्वास. कपडा चुरगळल्याचा आवाज. “ते हे...”

तोलकिननं हाच पाचोळा काढला होता. ते, हे, म्हणजे, तो. आई त्या प्रत्येक शब्दाला धरून धरून पुढे सरकत होती, अंधारात भिंत चाचपत जावं तशी. मिर्झा-आगा म्हटलं असतं तर निभावलं असतं. घरातल्यांना कळलं असतं. पण परक्याला कळलं नसतं. छापील कागदावर मिर्झा-आगा म्हणजे कुणीही नाही.

“ओरिनबासारनं ‘उघड’ म्हटलं.”

आईच्या आवाजात ते नाव तोलकिन पहिल्यांदा ऐकत होती. ते नीट उच्चारलंही गेलं नव्हतं. जन्मात न वापरलेला शब्द, मधल्या अक्षराशी अडखळला.

“ती पोरगी म्हणाली, काटा खाली आला नाही अजून. ओरिनबासार म्हणाला, उघड.” दुसऱ्यांदा तो स्वच्छ आला. “मी तिथंच उभी होते.”

पेला बशीत ठेवला गेला. दार उघडलं. येरमेकचा आवाज आला, “पाणी भरपूर आहे, आपा!” आणि आई म्हणाली, “बस, पोरा. बाऊरसाक घे, मऊ आहेत.”

तोलकिननं ते पुन्हा लावलं नाही. एकदाच पुरे होतं. दुपारी ती कामाला लागली. समोवार परत घातला. दिव्याचा प्रश्न परत घातला, शेजारी कंसात एक ओळ टाकली की हा दिवा मुद्रणयंत्राचा. ‘ते’, ‘हे’, ‘म्हणजे’ एकेक करून परत आणले. बाकी साऱ्या मजकुरातून हे शब्द गेलेच होते आणि जायलाच हवे होते, पण इथे ते राहणार होते. जिथे आई थांबली तिथे ‘विराम’ लिहिलं. जिथे ‘मिर्झ’ तुटलं तिथे ते तुटलेलंच ठेवलं. त्या दिवसाबद्दल उल्मेकेनच्या नावावर दोनच शब्द उरले.

संध्याकाळी तिनं पुन्हा फोन केला.

“मी ऐकलं, आपा.”

“कळलं मला. तुझ्या आवाजावरनं.”

“ते आईच्याच नावावर जाईल.”

आपा एकदम तडकून म्हणाली, “शिकलेल्या पोरींना काळीज नसतं! जेवणाला तू येणार, एक दिवस बसणार, परत जाणार. इथं मी राहते. त्या घरात मी राहते!”

“त्या वाक्यावर तुमचं नाव नसेल.”

“माझं नाव नाही? मी बसले होते शेजारी! मी काय म्हटलंय तिथं? वाच.”

“‘समोवारात पाणी बघून ये.’ मग ‘लागलाय.’ आणि मग, ‘नको, वहिनी.’”

“एवढंच?”

“एवढंच.”

पलीकडे कुणीतरी खोकलं, पुरुषी, म्हातारं. आपानं फोनवर हात ठेवल्यासारखं झालं. परत आली तेव्हा ती हळू बोलत होती.

“‘नको, वहिनी’ काढता येईल?”

तोलकिननं हे अपेक्षिलं नव्हतं. पण नियम सरळ होता. जिवंत माणसाला आपलं बोलणं मागे घेता येतं. “येईल. ते तुमचं आहे. तुम्ही सांगाल तर काढावंच लागेल.”

ती वाट बघत राहिली. त्या दोन शब्दांशिवाय आईचं बोलणं कुणी न अडवता आल्यासारखं दिसलं असतं. सोपं. तोलकिनला ते बोलून दाखवायचं होतं, पण ते तिचं काम नव्हतं.

“ती गेली तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते,” आपा म्हणाली, “की वहिनीनं मनातलं कधी कुणाला सांगितलं नाही म्हणून. आणि सांगायला बसली तेव्हा मी नको म्हटलं.” तिनं नाक ओढलं. “राहू दे. नको म्हटलं होतं, तर नको म्हटलं असंच लिही.”

“बरं, आपा.”

“वर काय लिहिलंयस? प्रत्येक तुकड्यावर काहीतरी लिहिता ना तुम्ही, मासे, समुद्र.”

तोलकिननं पडद्याकडे पाहिलं. ‘कारखान्यातलं काम’ तिनं तिथून दुपारीच काढलं होतं. तो तुकडा आता वेगळा होता.

“गुलझिपा.”

“फक्त गुलझिपा?”

“फक्त.”

“तिची बहीण आहे अजून,” आपा म्हणाली. “स्टेशनामागं राहते. समोरून आली की मी रस्ता बदलते.” पुन्हा ते खोकणं ऐकू आलं, या वेळी जवळून, आणि कुणीतरी विचारलं कोणाशी बोलतेस. “तोलकिन आहे,” आपा तिकडे ओरडली, “वहिनीचं पुस्तक करतेय.” मग फोनमध्ये, घाईघाईनं, “अक्षरं मोठी ठेव. चष्म्यानंही दिसत नाही मला.”

नेहमीचे आशीर्वाद न देताच तिनं फोन ठेवला.

तोलकिननं अक्षरं मोठी केली. मुलाखत अजून बरीच शिल्लक होती, आणि तिथवरची सगळी वेगळी केलेली वाक्यंही आता ऐकून तपासायची होती. तिनं फोन कानांवर चढवले आणि सुरुवातीपासून लावलं.